मदत हवी आहे : बेलारूशियन निबंधातील ‘न्ये’ आणि ‘न्या’

नमस्कार. बेलारूशियन शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा छोटा निबंध मी तपासत आहे. आघाताच्या लगेच आधीच्या अवयवात ‘ये’चा उच्चार ‘या’ होतो आणि लेखनातही तसाच उतरतो, म्हणून ‘ल्येस’ (जंगल) याचे अनेकवचन त्याने ‘ल्यासी’ असे अचूक लिहिले आहे. मात्र त्याच कानाने त्याने ‘न्या व्येदाऊ’ (त्याला ठाऊक नव्हते) असेही लिहिले. येथे आघात ‘व्ये’वर असल्याने उच्चार खरोखर ‘न्या’च होतो, पण अधिकृत लेखनात नकारार्थी ‘न्ये’ आणि ‘ब्येज’ (शिवाय) हे शब्द बदलत नाहीत. ‘न्ये खाद्झीऊ’ (तो गेला नव्हता) मात्र त्याने बरोबर लिहिले, कारण तेथे आघात एक अवयव पुढे सरकल्यामुळे ‘न्ये’ तसाच ऐकू येतो.

अडचण अशी की, ताराश्केवित्सा या जुन्या लेखनपद्धतीत ‘न्या व्येदाऊ’ शुद्धच मानले जाते आणि बाकी निबंध अधिकृत पद्धतीत आहे. अशा वेळी ही चूक धरावी, की केवळ पद्धतींची सरमिसळ म्हणून नोंदवावी? शिवाय, परभाषेतून आलेले शब्द वगळता, उच्चार ‘या’ असूनही ‘ये’च लिहावा लागतो असे आणखी कोणते शब्द आहेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.