मदत हवी आहे: चुकलेलं एकच वाक्य पुन्हा घेताना खूण कशी करता?

नवावाचक
ऑडिओबुकसाठी एक कादंबरी वाचतोय. वाचणारा मीच, रेकॉर्ड करणाराही मीच. आधी जीभ अडखळली की थांबायचो, मागे जाऊन चुकलेला तुकडा उडवायचो आणि पुढे वाचायचो. तोवर वाचनाची लय गेलेली असायची. आता न थांबता वाचतो आणि चुकलं की तिथेच परत म्हणतो. पण मग पाऊण तासाच्या फाइलमध्ये चुका शोधत बसावं लागतं, आणि एखादी हमखास निसटते.

दुसरी अडचण जोडाची. हे वाक्य बघा: ‘त्याने पत्र उघडलं, पण वाचलं नाही, तसंच घडी करून खिशात ठेवलं.’ मी ‘घडी’चं ‘गडी’ केलं. लगेच ‘तसंच घडी करून’पासून पुढचं परत घेतलं. तरी जोड कानाला कळतो. काय चुकतंय?

बडबड्या
सोपं आहे. चुकलं की दोन टाळ्या वाजवा. वेव्हफॉर्ममध्ये दोन उंच सुळके दिसतात, फाइल न ऐकताही चूक सापडते. मी कायम असंच करतो.

कानसेन
सुळका दिसतो हे खरं, पण टाळी वाजवताना माणूस हलतो. परत माइकसमोर येताना तोंड दोन बोटं जरी मागेपुढे झालं तरी आवाजाचा पोत बदलतो, आणि ते नेमकं नव्या वाक्यात ऐकू येतं. डोकं न हलवता जिभेने ‘टक्’ करा, सुळका तेवढाच स्पष्ट येतो. नाहीतर मार्कर टाका. Reaper मध्ये रेकॉर्डिंग चालू असताना M, Audacity मध्ये Ctrl+M. Audacity मध्ये नंतर Enter दाबायला विसरू नका, लेबलची चौकट उघडी राहते आणि पुढची कळ तिच्यात टाइप होत बसते. कळ दाबायची ती गप्प असतानाच, तिचा खटका शब्दावर नको.

आता तुमचं वाक्य. स्वल्पविरामाशी आवाज वरच लटकलेला असतो, कारण वाक्य संपलेलं नाही. तिथून नव्याने सुरू केलंत की आवाज पहिल्या शब्दासारखा ताजा लागतो. म्हणून ‘त्याने’पासून अख्खं वाक्य घ्यायचं. तेही एकदम नाही: चुकलं की गप्प, खूण, पुन्हा क्षणभर गप्प, मग त्याच्या आधीचं वाक्य मोठ्याने म्हणायचं आणि त्याच ओघात ‘त्याने’वर यायचं. आधीचं वाक्य एडिटमध्ये फेकून द्यायचं, ते फक्त धाव घेण्यासाठी.

कात्री ‘त्याने’च्या आधीच्या शांततेत चालवा. तिथे श्वास असेल तर नव्या टेकचा ठेवा, जुना काढा. दोन्ही राहिले तर निवेदक धापा टाकतोय असं वाटतं.

सूरमयी
मी गाते. आमच्याकडे ट्रॅक दोन ओळी आधीपासून वाजवतात आणि बरोबर जागेवर रेकॉर्डिंग सुरू होतं. तुम्ही ट्रॅकवर का घेत नाही? खुणांची भानगडच नको.

नवावाचक
सूरमयी, माझ्याकडे ट्रॅक नाही हो, नुसतं वाचन आहे.

कानसेन
तरी ताईंच्या बोलण्यात तथ्य आहे. वाचनातही तसं करता येतं: चुकण्याआधीचे दोन-तीन सेकंद हेडफोनमध्ये ऐकायचे आणि वाक्यांच्या मधल्या शांततेत आपलाच आवाज धरून पुढे वाचायचं. पुस्तकं वाचणारे बरेच जण त्याला पंच अँड रोल म्हणतात. फाइल जवळजवळ तयारच मिळते. पण दरवेळी थांबावं लागतं. ज्यांची लय थांबल्याने तुटते त्यांना खुणाच बऱ्या.

बडबड्या
टाळीने माझं कधी अडलं नाही. हां, चूक कुठून सुरू झाली ते मात्र टाळी सांगत नाही, मागे जाऊन ऐकावंच लागतं.

कानसेन
म्हणूनच खूण स्क्रिप्टवरही करा. चुकलेल्या वाक्याच्या सुरुवातीला तिरकी रेघ आणि समासात फुली, बस. पेन्सिल अगदी हलकी चालवा, कागदाची करकर माइक पकडतो.

नवावाचक
‘त्याने’पासून, आधीचं वाक्य म्हणून, परत घेतलं. जोड मलाच सापडला नाही. पण दुसऱ्या दिवशी तपासताना ज्या चुका कळतात त्यांचं काय? सकाळी माझा आवाज जड असतो.

कानसेन
पान, फाइलमधली वेळ, अख्खं वाक्य, काय म्हटलं आणि काय हवं होतं, अशी यादी करा. सगळी वाक्यं एकाच बैठकीत घ्या, शक्यतो मूळ रेकॉर्डिंगच्या वेळेलाच. प्रत्येकाआधी मूळ टेकमधली त्याच्या आधीची दोन-तीन वाक्यं ऐका, मग बोला. तरी एखादं वेगळं वाटतंच. तेव्हा मी अख्खा परिच्छेद परत घेतो.

सूरमयी
परिच्छेद घेतला तर त्याचा जोड नाही का कळत?

कानसेन
कमी कळतो. परिच्छेदाआधी ऐकणाऱ्याला थोडा थांबा मिळतो. संवाद चालू असेल तर मात्र हे जमत नाही, तिथे मीही अजून चाचपडतोच.