मदत हवी आहे: दारोदार सर्वेक्षणाच्या पिशवीत काय काय ठेवावं, आणि संध्याकाळी फॉर्मचा ताळा का जुळत नाही?

नवा_सर्वेक्षक

कागदी फॉर्मवर घरोघरचं सर्वेक्षण नुकतंच सुरू केलं आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली गोष्ट पिशवीची. सध्या पॅड, ४० फॉर्म, ओळखपत्र आणि दोन जेल पेनं एवढंच नेतो. काय राहिलंय?

दुसरी हिशेबाची. सकाळी २४१ ते २८० क्रमांकाचे ४० फॉर्म सही करून घेतले. संध्याकाळी पूर्ण भरलेले २६ आणि कोरे ९ उरले. कोरे २७२ ते २८० असे सलग आहेत. भेट नोंदवहीत ३१ घरं आहेत: २५ पूर्ण, ४ बंद, २ ‘नंतर या’. एका घरात दोन वेगळी कुटुंबं होती, म्हणून तिथे दोन फॉर्म भरले. ४० मधून २६ आणि ९ गेले की ५ उरतात. हे ५ कुठे दाखवायचे? उद्या सकाळी गठ्ठा जमा करायचा आहे.

आकडेमोड

अहो, तुमचा हिशेब जुळलेलाच आहे. ४० मधून ९ कोरे गेले की ३१ वापरले. घरंही ३१. बंद ४ आणि नंतर या २ मिळून ६, त्यातून दोन कुटुंबांच्या घराचा एक जादा फॉर्म वजा केला की ५. तेच तुमचे ५. ‘बंद/नंतर’ या रकान्यात लिहून मोकळे व्हा.

ताळेबंद

आकडेमोड, बेरीज बरोबर आहे, पण अर्थ चुकलाय. बंद घराला फॉर्म लागतच नाही. कुलूप दिसलं की नोंदवहीत ओळ लिहायची आणि पुढे जायचं. त्या ४ घरांनी एकही कागद खाल्लेला नाही. ३१ आणि ३१ जुळले हा निव्वळ योगायोग आहे. असा योगायोग फार घातक, कारण त्यानंतर कोणी शोधायला जात नाही.

घरांचा हिशेब आणि कागदांचा हिशेब हे दोन वेगळे हिशेब आहेत. घरं नोंदवहीत जुळवायची: २५, ४ आणि २ मिळून ३१, ते जुळलंय. कागद क्रमांकाने जुळवायचे. सकाळी घेतलेला प्रत्येक क्रमांक संध्याकाळी चारपैकी एका ठिकाणी हातात दिसला पाहिजे: पूर्ण, अर्धवट, बाद किंवा कोरा. पाचवं ठिकाण नाही. म्हणजे नवा_सर्वेक्षक, तुमचे ५ हा आकडा नाही, ते ५ खरेखुरे कागद आहेत आणि कुठेतरी आहेत.

आता असं करा. २६ भरलेले फॉर्म क्रमांकाने लावा. एका कागदावर २४१ ते २७१ उभे लिहा आणि हातातला एकेक फॉर्म बघून खूण करा. ज्यांच्यापुढे खूण नाही ते ५ क्रमांक इथे लिहा. शिवाय, ‘नंतर या’ म्हणालेल्या घरी फॉर्म सुरू केला होता का? आणि चुकलेला एखादा फॉर्म फाडून टाकला का?

टॅबवाला

आमच्याकडे टॅबवर काम चालतं. संध्याकाळी नेटवर्क आलं की अपलोड करायचं, ‘पाठवलेले’ आणि ‘बाकी’ हे दोन आकडे बघायचे, संपलं. अपलोड अडकलं तर अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा.

नवा_सर्वेक्षक

टॅबवाला, आमचं सगळं कागदावर आहे हो.

ताळेबंद, खूण नसलेले क्रमांक: २४७, २५३, २५८, २६४, २६६. २४७ आणि २५३ सापडले. दोन्ही ‘नंतर या’ घरांचे, अर्धे भरलेले, बॅगेच्या मागच्या कप्प्यात होते. २५८ आणि २६६ वर चुकीचं लिहिलं गेलं म्हणून चुरगळून टाकले, पण तेही बॅगेच्या तळाशी मिळाले. २६४ मात्र कुठेच नाही.

ताळेबंद

बाद फॉर्म सापडले हे बरं झालं. ते सरळ करा, आडवी रेघ मारून ‘बाद’, तारीख आणि सही करा, आणि गठ्ठ्यात जमा करा. बाद फॉर्म फाडायचा किंवा टाकायचा नाही. एक तर त्यावर कोणाच्या तरी घरची माहिती असू शकते. दुसरं म्हणजे टाकलेला बाद फॉर्म आणि हरवलेला भरलेला फॉर्म हिशेबात सारखेच दिसतात, पर्यवेक्षकाला फरक कळायला मार्ग राहत नाही.

आता २६४. त्याच्या शेजारचे दोन, २६३ आणि २६५, काढा. दोन्हींवरची घरं आणि वेळा नोंदवहीशी लावून बघा. मधे एखादं घर आहे का?

नवा_सर्वेक्षक

२६३ ला नोंदवहीतलं २२ वं घर, २६५ ला २३ वं. वेळेतही १५ मिनिटांचंच अंतर, म्हणजे नेहमीएवढंच. मधे काहीच नाही.

ताळेबंद

म्हणजे भरलेला फॉर्म हरवला असण्याची शक्यता खूप कमी. ही सगळ्यात मोठी काळजी होती. आणखी एक तपासणी करा. पॅडवर फॉर्म एकावर एक ठेवून लिहिता ना? मग वरच्या फॉर्मवरच्या अक्षरांचे दाब खालच्यावर उमटतात. २६५ दिव्याखाली तिरका धरा. उजेड बाजूने आला की दाब दिसतात. त्यावर २६३ ची अक्षरं उमटली असतील, तर २६३ लिहिताना २६४ मधे नव्हताच.

नवा_सर्वेक्षक

दिसतायत! २६३ मधल्या घर क्रमांकाच्या चौकटीतले आकडे आणि खालची सही, दोन्ही अंधुकसे उमटले आहेत.

जुना_पर्यवेक्षक

थांबा, जोर देऊन लिहिणाऱ्याचे दाब दोन पानं ओलांडूनही जातात. जेल पेनाने लिहिलंय म्हणजे दाब हलकाच असणार हे खरं, पण तुलना केल्याशिवाय बोलू नये. २६१ चे दाब २६२ वर बघा आणि २६३ वर बघा. तुमच्या हाताचा दाब दुसऱ्या पानापर्यंत जातच नसेल, तरच ताळेबंद म्हणतात ते धरता येईल.

नवा_सर्वेक्षक

२६१ चे दाब २६२ वर आहेत. २६३ वर मला तरी काही दिसत नाही. पण डोळा ताणून बघितलं की सगळंच दिसल्यासारखं वाटतं.

ताळेबंद

बरोबर धरलंत, जुना_पर्यवेक्षक. तरी रोख असा दिसतो की २६४ हा २६३ लिहायच्या आधीच गठ्ठ्यात नव्हता. मग दोन शक्यता राहतात. एक, आधी कुठल्यातरी दारात दोन फॉर्म चिकटून निघाले आणि एक पडला. दोन, गठ्ठ्यातच एक क्रमांक सुटलेला होता. पहिला आणि शेवटचा क्रमांक बघून ‘४० मिळाले’ अशी सही केली की हे हमखास होतं. सकाळी ४० पानं एकेक करून मोजली होती का?

नवा_सर्वेक्षक

नाही. पहिला-शेवटचा बघूनच सही केली.

जुना_पर्यवेक्षक

मग आता कोणीच ठामपणे सांगू शकणार नाही. ताळेपत्रकावर ‘२६४: हाती नाही, आजूबाजूच्या भेटींत खंड नाही, सकाळी पानं मोजलेली नव्हती’ असं स्पष्ट लिहा आणि पर्यवेक्षकाला आजच कळवा. ‘बाद’ मधे घालून आकडा जुळवू नका. पुढे तोच क्रमांक भरलेला कुठे निघाला, तर तुमच्या सगळ्या गठ्ठ्यावर संशय येईल. उद्यापासून घेतानाच क्रमांक वाचत मोजा. ४० पानांना दोन-तीन मिनिटं लागतात.

आकडेमोड

मान्य, माझी वजाबाकी चुकीच्या गोष्टींची होती. पण रोज रात्री एवढं करायचं म्हणजे तास जाईल. रोज भरलेल्या फॉर्मचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले तर सोपं नाही का?

ताळेबंद

फोटो नको. लोकांनी माहिती सर्वेक्षणाला दिलेली असते, तुमच्या फोनला नाही. फोन हरवला की सगळंच गेलं. आणि तासही लागत नाही. मोजणी रात्री घरी करायचीच नाही. एकदा दुपारी आणि एकदा शेवटच्या गल्लीतून निघण्याआधी करायची. प्रत्येक घराच्या ओळीत फॉर्म क्रमांक लिहायची सवय लागली की दहा मिनिटांचं काम. जागेवरच केलं तर रिकामा राहिलेला रकानाही दिसतो आणि दोन घरं मागे जाऊन विचारता येतं. घरी पोचल्यावर कळलं, तर दुसऱ्या दिवसाची एक फेरी वाढते.

पेनवाली

पिशवीचं सगळे विसरलेच की!

जेल पेन काढून टाका. घामाच्या हाताने किंवा पावसाच्या थेंबाने शाई पसरते. निळ्या शाईची तीन बॉलपेनं घ्या, तिन्ही एकसारखी: एक हातात, एक खिशात, एक बॅगेत. एकाच फॉर्मवर दोन शाया दिसल्या की नंतर कोणी भर घातली का, असा प्रश्न येतो. लाल-हिरवं नेऊ नका, ते बहुतेक ठिकाणी तपासणाऱ्याचं असतं. बॉलपेन भिंतीला पॅड टेकवून लिहिलं की थोड्या वेळाने बंद पडतं, कारण शाई खाली उतरत नाही. पेन बिघडलेलं नसतं, पॅड आडवं धरा. व्हाइटनर नको, चुकलं तर एक रेघ, शेजारी बरोबर उत्तर आणि लहान सही.

पॅड फॉर्मपेक्षा मोठं हवं, नाहीतर कडा दुमडतात. आणि लिहिताना फॉर्मखाली जाड पुठ्ठा सरकवा. आधीच्या घराची उत्तरं पुढच्या घराच्या फॉर्मवर उमटणं चांगलं नाही. आपोआप प्रत उठणारे फॉर्म असतील तर पुठ्ठ्याशिवाय खालचा संच वायाच जातो.

ताळेबंद

म्हणजे दाब बघायची माझी युक्तीही गेली. जाऊ दे, पुठ्ठाच बरा. क्रमांक ओळीत लिहिला की युक्ती लागत नाही.

पेनवाली

तीन पाकिटं ठेवा, रंग वेगळे: कोरे, पूर्ण, आणि अर्धवट-बाद. तुमचे २४७ आणि २५३ मागच्या कप्प्यात गेले ते तिसरं पाकीट नव्हतं म्हणून. पाकिटं पाणी न शिरणारी घ्या. फॉर्म मशीनवर वाचले जाणार असतील तर घडी आणि स्टेपल दोन्ही नको, क्लिप लावा. फॉर्म किती न्यायचे? ठरलेल्या घरांपेक्षा साधारण पाचवा हिस्सा जास्त. २५ घरांना ३० पुरतात. ४० नेले की हरवायला दहा जास्त.

ओळखपत्र गळ्यात. साध्या दोरीला एकाच कडीवर असेल तर ते गरकन फिरून कोरी बाजू पुढे येते आणि दार उघडणाऱ्याला काहीच दिसत नाही. दोन्ही कोपऱ्यांना कडी लावा किंवा दोन्ही बाजूंना छापील असू द्या. मुदतीची तारीख बघून ठेवा. नेमणुकीच्या पत्राची एक प्रत बॅगेत, त्यावर कार्यालयाचा फोन असावा. शंका आली तर लोकांना तिथे विचारू द्या. कार्ड हरवलं तर त्याच दिवशी कळवा, दुसऱ्याच्या हाती ते दार उघडायची किल्ली असते.

नवा_सर्वेक्षक

२६४ चं लिहून पर्यवेक्षकांना फोन केला. ते म्हणाले, त्याच छपाईतले बाकीचे गठ्ठे मोजून बघतो. एक राहिलं: २४७ आणि २५३ उद्या जमा करायचे की स्वतःकडे ठेवायचे? त्या घरी परवा संध्याकाळी जायचंय.

जुना_पर्यवेक्षक

कार्यालयाचा नियम असेल तो पाळा. नियम नसेल तर मी जमा करून परवा सही घेऊन परत घ्या म्हणेन. ताळेबंद बहुधा वेगळं सांगतील.

ताळेबंद

सांगतो. जितक्या वेळा कागद हात बदलतो तितक्या वेळा हरवतो. स्वतःकडे ठेवा, पण ताळेपत्रकावर ‘अर्धवट २, सर्वेक्षकाकडे’ असं क्रमांकासह लिहून पर्यवेक्षकाची सही घ्या. उद्याचा हिशेब मग नव्या गठ्ठ्याने नाही, या दोन फॉर्मनी सुरू होईल.