मूळव्याध: दुखत नव्हते तेव्हा आणि दुखले त्या रात्री

या वेळच्या अनुभवांचा विषय मूळव्याध हा आहे. घरून काम करणाऱ्या तरुणांनी विशेषतः लिहावे, कारण हा त्रास घरातल्या घरातही सांगितला जात नाही. नाव देण्याची आवश्यकता नाही. गाव आणि अनुभव एवढे पुरेसे आहे.

परभणी, संगणक अभियंता

मी पुण्यातील एका कंपनीचे काम परभणीच्या घरून करतो. ग्राहक अमेरिकेतील असल्याने दुपारी सुरू झालेला दिवस मध्यरात्रीनंतर संपतो, त्यामुळे सकाळची शौचाची ठरलेली वेळ कधीच मोडली आहे आणि वेग आला तरी बैठक संपेपर्यंत तो थोपवून धरण्याची सवय लागली आहे. शौचाच्या वेळी लालभडक रक्ताचे थेंब पडत असत. दुखत मात्र काहीच नव्हते आणि रक्त आपोआप थांबतही असे, म्हणून उष्णता वाढली असेल असे समजून मी ताक आणि सब्जाच्या पाण्यावर भागवत राहिलो.

मे महिन्यात एका लग्नाहून परतलो तेव्हा पोट साफ नव्हते. दुसऱ्या दिवशी मोबाइल हातात घेऊन बराच वेळ कुंथत बसलो. त्याच रात्री आमच्या प्रणालीची नवी आवृत्ती ग्राहकाकडे चालू व्हायची होती. जेवणानंतर खुर्चीत बसताना काहीतरी टोचल्यासारखे झाले. पाहिले तर गुदद्वाराच्या कडेला करवंदाएवढी टणक गाठ हाताला लागली. तासाभरात ठणका इतका वाढला की बसणे, खोकणे, कूस बदलणे या सर्वांचीच धास्ती वाटू लागली. कॅमेरा बंद ठेवून, पलंगावर एका अंगावर पडून मी ती बैठक पार पाडली. मध्येच एका चित्रफितीत मोड बोटाने आत ढकलावा असे पाहिले आणि तसे करून पाहिले. गाठ जागची हलली नाही, वेदना मात्र दुप्पट झाली. पहाटे आईला सांगावेच लागले. तिने काही न विचारता पसरट टोपात कोमट पाणी काढून दिले आणि त्यात बसल्यावर त्या रात्री प्रथमच थोडे बरे वाटले.

सकाळी शल्यचिकित्सकांनी तपासून सांगितले की ही निळसर गाठ म्हणजे बाहेरच्या शिरेत गोठलेले रक्त आहे, आणि आतापर्यंत जे रक्त पडत होते ते आतल्या मोडांचे आहे. म्हणजे मला दोन वेगळे त्रास होते. भुलीचे इंजेक्शन देऊन त्यांनी गाठ त्याच दिवशी काढली. इंजेक्शन फार दुखले. त्यानंतरचे काही जाणवले नाही.

लातूर, व्यापारी

खुर्चीवर बसणाऱ्यांना हा रोग होणारच. मी तिखट सोडले, काळ्या मसाल्याची आमटी बंद केली, ज्वारीची भाकरी आणि सुरणाची भाजी वाढवली आणि मोड कायमचे गेले. कापाकापीची गरज कोणालाच नसते. जाहिरातवाल्या एका दवाखान्यात माझ्या मेहुण्याला कसले तरी इंजेक्शन दिले होते, त्याने मात्र तो आणखीच आडवा झाला.

जालना, शिक्षक

माझीही गाठ अशीच एकाएकी आली होती. मी मलम लावत आठवडा काढला आणि मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गाठ कापण्यास नकार दिला, तेव्हा मला राग आला होता. परभणीच्या गृहस्थांची लगेच काढली आणि माझी का नाही, हे अजूनही समजलेले नाही.

नांदेड, निवृत्त शल्यचिकित्सक

जालन्याच्या शिक्षकांना उत्तर देतो. अशा गाठीची वेदना पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि त्यानंतर शरीर स्वतःच ती गुठळी जिरवू लागते. म्हणून साधारण 72 तासांच्या आत रुग्ण आला आणि ठणका असह्य असला, तर गाठ काढल्याने लवकर आराम पडतो. त्यानंतर वेदना उतरणीला लागलेली असते. तेव्हा कापले तर ओसरत चाललेल्या दुखण्यावर नवी जखम द्यावी लागते. तुमच्या डॉक्टरांनी योग्य केले. फक्त चीर देऊन रक्त पिळून काढण्यापेक्षा मी त्वचेच्या लहान तुकड्यासह संपूर्ण गाठ काढणे पसंत करीत असे, कारण नुसत्या चिरेत पुन्हा रक्त साचते. घरी ब्लेडने हे करण्याचा प्रयत्न केलेले रुग्णही मी पाहिले आहेत. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आत ढकलता येतो तो आतला, बाहेर उतरलेला मोड. तो ओलसर व लालसर दिसतो. बाहेरची गाठ त्वचेखाली असते, निळसर दिसते, आणि तिला आत जाण्यास जागाच नसते. आतल्या अस्तराला वेदना कळत नाही, म्हणून तिथले मोड नुसतेच रक्त देतात. परभणीच्या तरुणाला रक्त पडूनही दुखले नाही, त्याचे कारण हेच आहे.

लातूरच्या व्यापारी गृहस्थांच्या भाकरीविषयी माझी तक्रार नाही. शौच मऊ राहणे हाच निम्मा उपचार आहे. मात्र सुरणाने मोड जातात असे मी म्हणणार नाही. तुमचा त्रास बहुधा मलावरोध सुटल्याने थांबला. तिखटाने आग वाढते, परंतु मूळव्याध तिखटानेच होते हे मला पटलेले नाही. खुर्चीपेक्षा मी कमोडवरच्या मोबाइलला अधिक दोष देईन, कारण तिथे खालून आधार नसतो आणि कुंथल्याने शिरांत रक्त भरत राहते.

धाराशिव, गृहिणी

बाळंतपणानंतर मलाही मूळव्याध झाली आहे. गाठ नाही. शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखे कापते आणि नंतर दोन-दोन तास आग होते. रक्ताची नुसती रेघ दिसते. मी इसबगोल कोरडाच तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिते, तरी फरक नाही. मलाही गाठ काढून घ्यावी लागेल का?

नांदेड, निवृत्त शल्यचिकित्सक

ताई, हे वर्णन मूळव्याधीचे कमी आणि गुदद्वाराजवळील चिरेचे अधिक वाटते. डॉक्टर त्याला फिशर म्हणतील. त्याचे मलमही वेगळे असते. न पाहता मी खात्री देणार नाही, म्हणून एकदा दाखवून घ्या. बाळाला अंगावर पाजत असाल तर तेही सांगा. इसबगोल दोन चमचे मोठ्या पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावा आणि दिवसभर पाणी वाढवावे. कोरडा घेतला तर तो घशात अडकू शकतो, आणि पाणी कमी पडले तर पोटातही खडा धरतो. शौचानंतर दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात बसावे. त्यात काही घालण्याची गरज नाही.

हिंगोली, बँक कर्मचारी

माझे वडील साठीचे आहेत. त्यांनाही रक्त जाते आणि सर्वांनी मूळव्याधच ठरवले आहे. अलीकडे त्यांचे वजन घटले आहे आणि शौचाची सवयही बदलली आहे. भाकरी वाढवून पाहू का?

नांदेड, निवृत्त शल्यचिकित्सक

नाही. त्यांची मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी होईपर्यंत हे मोडांचे रक्त आहे असे धरू नका. या वयात, या दोन लक्षणांसह, मोड दिसले तरी आत आणखी काही नाही ना हे पाहावे लागते.

परभणी, संगणक अभियंता

आतल्या मोडांचे रक्त इसबगोल घेऊनही थांबले नाही, म्हणून नंतर बँडिंग करून घेतले. मोडाच्या मुळाशी रबराची कडी बसवताना दुखले नाही, फक्त एक-दोन दिवस शौचास लागल्यासारखे जड वाटत राहिले. कडी गळून पडताना थोडे रक्त दिसले. ते तसे दिसेल हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. गाठीच्या जागी त्वचेची लहानशी घडी मात्र उरली आहे आणि ती धुताना हाताला लागते. एका डॉक्टरांच्या मते ती तशीच राहू द्यावी, दुसऱ्यांच्या मते काढावी. तूर्त मी तिला हात लावलेला नाही. येथे कोणी ती काढून घेतली असल्यास, जखम भरण्यास किती काळ लागला, हे कृपया लिहावे.