मदत हवी आहे: विरल खाण्याच्या सोड्याचा पीएच

दादरला बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणासाठी K1 = 4.5×10⁻⁷ आणि K2 = 4.7×10⁻¹¹ घेतले आहेत (25 °C). pH = (pK1 + pK2)/2 या सूत्राने 8.34 येतो. संहतीचा त्यात संबंधच नाही, हे 0.1 मोलरला मुलांना पटतं.

पण एकीने विचारलं, 0.0001 मोलरलाही तेवढाच का? म्हणून पाण्याचं आयनीभवन धरून सोडवलं:

[H⁺]² = K1(K2·C + Kw)/(K1 + C)

0.1 मोलरला पुन्हा 8.34 येतो, 0.0001 मोलरला मात्र 8.09. कारण दिसतं: तिथे K2·C = 4.7×10⁻¹⁵, म्हणजे Kw पेक्षाही कमी. [HCO₃⁻] ≈ C हे गृहीतकही तपासलं. जेमतेम 2 टक्के H₂CO₃ होतं, म्हणजे चूक तिथे नसावी. बाटली बंद आहे, हवेतला कार्बन डायऑक्साइड धरलेला नाही. फक्त HCO₃⁻ चं जलअपघटन धरणारी पद्धत नको, तिने 0.1 मोलरला 9.67 येतो, कारण HCO₃⁻ प्रोटॉन देतोही, हे ती विसरते.

परीक्षेच्या पातळीवर साधं सूत्र कुठपर्यंत वापरावं? K2·C हे Kw च्या 20 पट असेपर्यंत, म्हणजे साधारण 0.004 मोलरपर्यंत, असं सांगितलं तर चालेल का?