अनुभव धागा: यशाची पोस्ट टाकण्याआधी तुम्ही काय खोडलंत?

मकरपुऱ्याची

लिंक्डइनवर आपल्या कामाबद्दल लिहिताना स्वतःची टिमकी वाजू नये आणि ज्यांचं काम आहे त्यांचं नाव बुडू नये, यासाठी तुम्ही मसुद्यात नेमकं काय बदललंत? "नम्र राहा" वगैरे नको, खोडलेली वाक्यं सांगा. सुरुवात माझ्यापासून.

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी बघते. आम्ही पंपाची केसिंग ओततो. पावसाळ्यात ब्लोहोलमुळे, म्हणजे ओतताना गॅसने पडणाऱ्या भोकांमुळे, माल फार बाद व्हायचा, तो यंदा कमी झाला. माझा पहिला मसुदा इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा: "माझ्या नेतृत्वाखाली ब्लोहोलचं रिजेक्शन सहा महिन्यांत ५७ टक्क्यांनी घटलं. ही कामगिरी नम्रपणे आपल्यासमोर ठेवते. साथ देणाऱ्या माझ्या अप्रतिम टीमचे मनापासून आभार."

नणंद एचआरमध्ये आहे, तिला दाखवला. ती म्हणाली, "वहिनी, यात टीमने काय केलं ते कुठेय? आणि आभार शेवटच्या ओळीत. तीन ओळींनंतर `…more` येतं, ते दाबतंय कोण?"

मग मी कागद घेतला. कामातली क्रियापदं एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकापुढे ते कोणी केलं ते लिहिलं. कुणाच्या लक्षात आलं? मोल्डिंगच्या काकांच्या. ते जुलैतच म्हणाले होते की जेवणाच्या सुट्टीनंतरची साच्याची पहिली खोकी बघा, तीच बिघडतात. कारण असं निघालं की सुट्टीत साच्याची तयार सँड वरून सुकायची, मग सँड मळायचा मुलर चालवणारा अंदाजाने जास्त पाणी घालायचा, आणि त्या ओल्या सँडमधून गॅस सुटून केसिंगमध्ये भोकं पडायची. सँडमधली ओल मोजली कोणी? लॅबमधल्या मुलीने. कार्बाइडची पूड घालून डबा हलवायचा आणि काटा वाचायचा, हे तिने तीन आठवडे प्रत्येक सुट्टीनंतर केलं. पाण्याच्या लाइनला मीटर मेंटेनन्सने बसवला. मी काय केलं? रिजेक्शन तासावार मांडलं, आणि सुट्टीनंतर दहा मिनिटं थांबून मॉइश्चर बघूनच ओतायचं, यासाठी प्लांट मॅनेजरशी भांडले.

"नेतृत्वाखाली" या शब्दापुढे लिहायला काहीच सुचेना, म्हणून तो गेला. "नम्रपणे"ही गेला. आत्ताचा मसुदा:

"पावसाळ्यात आमच्या केसिंगमध्ये ब्लोहोल का वाढतात, हे एका अनुभवी मोल्डरने ओळखलं: जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली खोकी बघा. लॅबने तीन आठवडे मॉइश्चर मोजून ते खरं असल्याचं दाखवलं, मेंटेनन्सने पाण्याला मीटर लावला. मी तासावार आकडे मांडून सुट्टीनंतर दहा मिनिटं थांबण्याची परवानगी मिळवली. जुलैत ६.८ टक्के असलेलं रिजेक्शन ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये २.९ टक्क्यांवर आलं."

काकांचं नाव घालायचं होतं. ते लिंक्डइनवर नाहीत, म्हणून विचारायला गेले, तर म्हणाले, "बेन, मारुं नाम ना लखता, साहेबने खोटुं लागशे." म्हणजे नाव नको, साहेबांना वाईट वाटेल. म्हणून "एका अनुभवी मोल्डरने". हे मला अजून खटकतंय.

फतेगंजचा कोडवाला

ताई, एवढा खटाटोप कशाला? मी सरळ सगळ्यांना टॅग करतो. मागच्या रिलीजला १४ जणांना केलं होतं. श्रेय वाटून मोकळा.

मकरपुऱ्याची

त्या १४ जणांनी काय काय केलं, ते लिहिलं होतंत?

फतेगंजचा कोडवाला

नाही, "या सगळ्यांशिवाय शक्य नव्हतं" असं. खरं सांगायचं तर दोघांनी दुसऱ्या दिवशी टॅग काढून टाकला. एक जण म्हणाला, मी त्या प्रोजेक्टवर जेमतेम आठवडाभर होतो, मला उगाच अभिनंदनाचे मेसेज येतायत. आणि जिने रात्री दोनला डेटाबेसचं मायग्रेशन सांभाळलं, ती त्याच यादीत नववी. तिने काही म्हटलं नाही, पण लाइकही केलं नाही.

तुमची क्रियापदांची यादी तिच्यासाठी तरी करायला हवी होती.

निवृत्त ओतारी

मी ३४ वर्षं फाउंड्रीत काढली, त्यातली शेवटची बरीच बडोद्यात. ताई, काकांना श्रेय दिलंत ते बरोबर केलंत. पण तुमच्या पोस्टमध्ये एक वाटेकरी राहिलाय. पाऊस.

जुलैची तुलना तुम्ही ऑक्टोबर-डिसेंबरशी करताय. पाऊस गेला की हवा कोरडी होते, साठवलेली सँड ओल धरत नाही, साच्यात बसवायचे सँडचे कोअरही ओल खेचत नाहीत. काहीही न करता रिजेक्शन थोडं उतरतंच. तुमच्या पोस्टखाली कुणी माझ्यासारखा खडूस आला तर पहिला हाच प्रश्न विचारेल, आणि मग मोल्डर, लॅब, मेंटेनन्स या सगळ्यांचंच काम संशयात जाईल. गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीचा आकडा काढा.

आणि ५७ टक्के खोडलंत ते फारच चांगलं. ६.८ वरून २.९ म्हणजे ५७ टक्के घट, हिशेब चुकीचा नाही. पण ५७ वाचून माणसाला वाटतं शंभरातली सत्तावन्न केसिंग वाचली. वाचली चार. जुना आकडा, नवा आकडा आणि कालावधी, एवढं दिलं की फुशारकीला जागाच उरत नाही.

मकरपुऱ्याची

काका, काढला. गेल्या वर्षी जुलै ६.५, ऑक्टोबर ते डिसेंबर ५.१. म्हणजे खरी तुलना ५.१ आणि २.९ ची. पोटात गोळा आला आधी, पण तुमचे आभार मानायला शब्दच नाहीत.

निवृत्त ओतारी

५.१ वरून २.९ हेही लहान काम नाही. आता कुणी हलवू शकणार नाही.

दांडिया बाजार

मी उलट बाजूने बोलते, कारण इथे सगळे "मी" खोडायलाच निघालेत.

मी एका औषध कंपनीत डॉक्युमेंटेशनला होते. ऑडिटची तयारी आठ महिने मी केली, जुन्या नोंदींमधल्या तफावती एकेक करून मी बंद केल्या. पोस्टमध्ये मात्र सगळं "आम्ही". शिवाय "काम पूर्ण करण्यात आलं", "त्रुटी दूर केल्या गेल्या" अशी वाक्यं. वाटलं, किती सभ्य. अप्रेझलला बसले तेव्हा साहेब माझी पोस्ट उघडून म्हणाले, "तुम्ही स्वतःच लिहिलंय ना, टीमने केलं. तुमचं को-ऑर्डिनेशन छान होतं."

को-ऑर्डिनेशन! त्या दिवशी घरी येऊन सुरसागर तलावाला दोन चकरा मारल्या.

"केलं गेलं" या वाक्यात कुणीच नसतं. मीही नाही आणि ज्या ज्युनियरने रविवारी येऊन फाइली लावल्या तीही नाही. मकरपुऱ्याच्या ताईंच्या मसुद्यात "मी तासावार आकडे मांडले" हे राहिलंय, ते कृपा करून खोडू नका. बायकांना तर हे जास्तच महाग पडतं, असं माझं मत आहे. पटत नसेल तर सांगा.

फतेगंजचा कोडवाला

आमच्याकडे पुरुषांचंही होतं. इंटरव्ह्यू घेताना मीच विचारतो, "आम्ही म्हणजे कोण? तुम्ही कुठली ओळ लिहिलीत?"

दांडिया बाजार

तुम्ही विचारता. माझ्या साहेबांनी विचारलं नाही.

कमाटीबागेत सकाळी

मला वाटतं विषय साहेबांनी श्रेय ढापण्याचा आहे. माझं २००९ सालचं ऐका. बॉयलरच्या पाण्याचा सगळा अभ्यास माझा, प्रेझेंटेशनवर नाव साहेबांचं. बक्षीस म्हणून घड्याळ मिळालं ते त्यांना. त्यांनी मला डबा दिला, स्टीलचा. अजून वापरतो, झाकण घट्ट बसतं. तेव्हा मी लिंक्डइनवर वगैरे असतो तर लिहिलं असतं बराबर!

मकरपुऱ्याची

काका, विषय थोडा वेगळा आहे, पण समजा त्या साहेबांनी पोस्ट लिहिली असती, तर तुमच्याबद्दल कुठलं वाक्य असलेलं चाललं असतं?

कमाटीबागेत सकाळी

"पाण्याचे नमुने यांनी तपासले." एवढंच. आभार नकोत.

सयाजीगंज मास्तर

मी मॅनेजमेंट शिकवतो, म्हणून वर्गात सांगतो ते थोडं. ओवुल सेझर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली नम्रतेचा बुरखा घातलेल्या बढाईवर अभ्यास प्रसिद्ध केला. तक्रारीच्या किंवा विनयाच्या आडून मिरवणारा माणूस लोकांना सरळ बढाई मारणाऱ्यापेक्षाही कमी आवडतो, कारण तो खरा वाटत नाही. तेव्हा "नम्रपणे" खोडलंत ते योग्यच. दुसरा अभ्यास व्हॅनएप्स, हार्ट आणि श्वाइत्सर यांचा. त्यांना असं दिसलं की स्वतःच्या कामासोबत सहकाऱ्याच्या कामाचंही कौतुक करणारा जास्त आपुलकीचा वाटतो, आणि शिवाय जास्त सक्षमही. म्हणजे दांडिया बाजारच्या ताईंचा मुद्दा यात बसतो. स्वतःचं काम सांगायचं आणि दुसऱ्याचंही, एक पुसून दुसरं नाही.

दांडिया बाजार

सर, माझ्या साहेबांनी हा अभ्यास वाचलेला नसावा.

अलकापुरीहून

एक तांत्रिक ठेच सांगते. मी आधी पोस्ट केली आणि मग शहाणी झाले. हातात ट्रॉफी घेतलेला एकटीचा फोटो, खाली "माझं स्वप्न साकार". दुपारी सहकारी डिझायनरचा चेहरा बघून `Edit post` मध्ये मजकूर बदलला, तिचं नाव पहिल्या ओळीत आणलं. मजकूर बदलतो, फोटो बदलत नाही. आणि आधी आलेल्या चाळीसेक कॉमेंट तशाच राहतात: "एकटीने करून दाखवलंस!" वरचं वाक्य म्हणतंय दोघींनी केलं, खाली लोक म्हणतायत एकटीने. शेवटी पोस्ट काढली आणि दोघींच्या फोटोसह नव्याने टाकली. कॉमेंट गेल्या, पण डिझायनर चहाला आली.

फोटो आधी निवडा. बाकी मागून दुरुस्त होतं.

मकरपुऱ्याची

माझाही फोटो एकटीचाच निवडलेला होता, गेटसमोर हेल्मेट घालून. आता मुलरच्या बाजूचा घेते, पाण्याचा मीटर दिसेल असा. आकडा आता असा केलाय: "ऑक्टोबर ते डिसेंबरमधलं रिजेक्शन गेल्या वर्षी ५.१ टक्के होतं, यंदा २.९. जुलैतला मोठा आकडा पावसाचाही होता."

आज मसुद्याची गुजराती प्रत काकांना वाचून दाखवली. दोनदा ऐकली. "मोल्डर" शब्दावर थांबले आणि म्हणाले, "अनुभवी काढ. अनुभवी तर सगळेच आहेत. एकत्रीस वर्षनो लख." नाव अजून नकोच म्हणतात. ३१ वर्षं लिहिलं तर कारखान्यातल्या प्रत्येकाला कळणार कोण ते, साहेबांनाही. हे त्यांना कळतंय की नाही, ते मला कळेना. उद्या विचारते, मग टाकते.