मदत हवी आहे: उजव्या वळणाचा शॉट कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी. आमच्या गावातली पोरं दुचाकीस्वारांसाठी चार मिनिटांचा व्हिडिओ करत आहोत. कथा साधी आहे: एक जण मोंढ्यात सोयाबीनचा भाव बघून गावाकडं निघतो.

हेल्मेटचा भाग जमला. पट्टा लावल्यावर तो हेल्मेट मागच्या कडेला धरून पुढं ओढतो. डोक्यातून निघालं नाही म्हणजे पट्टा नीट बसला. पट्टा लोंबकळत ठेवून हेल्मेट घालणारे आपल्याकडं कमी नाहीत, म्हणून हे मुद्दाम दाखवलंय.

अडलंय ते हायवेवरून गावच्या फाट्याला उजवीकडं वळताना. क्रम असा: आरसा, इंडिकेटर, उजव्या खांद्यावरून एक नजर, मग वळण. ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण ११ मीटर जाते. फाट्याच्या ३० मीटर आधी इंडिकेटर दिला तर मागच्या ट्रकवाल्याला तीन सेकंदही मिळत नाहीत. हे अंतर प्रेक्षकाला जाणवायला कॅमेरा मागच्या गाडीत ठेवावा की रस्त्याकडेला? चालू हायवेवर शूटिंग करायचं नाही, हे पक्कं.

दुसरं, दुपारच्या उन्हात इंडिकेटर व्हिडिओत दिसतच नाही. सकाळी लवकर घ्यावं का? सोबत हातही दाखवायला लावू, पण वळण सुरू व्हायच्या आत दोन्ही हात हँडलवर हवेत.

वळल्यावर इंडिकेटर बंद करायचा राहतो, तोही प्रसंग घ्यायचाय. कुणी असं शूट केलं असेल तर सांगा.