रजा नसलेल्या कामात मध्येच आजारपण आले: मुदत वाढवून कशी मागितलीत? बदली माणूस कसा दिलात? अनुभव सांगा

शाई

मी मोकळीकीने अनुवाद करते. पगार नाही, रजा नाही, शब्दावर पैसे. गेल्या सप्टेंबरमध्ये जे झाले ते सविस्तर सांगते, कारण मी एक पत्र चुकीचे लिहिले आणि दुसरे बरोबर, आणि दोन्हींचा परिणाम मला भोगायला मिळाला.

काम होते आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेचे. आठ प्रकरणे, ४२,००० शब्द, दर शब्दाला दीड रुपया. सुरुवात १ सप्टेंबरला, मुदत १६ तारखेची. सहा तारखेच्या संध्याकाळी ताप भरला तेव्हा तीन प्रकरणे तपासून तयार होती (१२,००० शब्द), चौथे कच्चे झाले होते (४,०००), आणि २६,००० शब्द हातच न लावलेले.

आठ तारखेला डेंग्यू निघाला. नऊला सकाळी १०२ ताप असताना मी समन्वयक ताईंना लिहिले: "डेंग्यू झाला आहे, ताप उतरला की लगेच बसते, कृपया २० तारखेपर्यंत वेळ द्यावा." त्यांनी तासाभरात होकार कळवला. मला हायसे वाटले.

अकराला ताप उतरला आणि त्याच दिवशी प्लेटलेट ३८,००० वर आल्या. डेंग्यूत ताप गेला की धोका गेला असे वाटते, पण खरे जपायचे दिवस तिथूनच सुरू होतात, हे मला डॉक्टरांनी भरती करताना सांगितले. चौदाला घरी आले. पंधराला लॅपटॉप उघडला तर अर्ध्या तासात डोळ्यांमागे ठणका. दिवसभरात जेमतेम ९०० शब्द झाले. एरवी माझे २,८०० होतात.

म्हणजे २० तारीख मी तापाकडे बघून दिली होती, कामाकडे बघून नाही. आणि तोवर ताईंनी ती तारीख पुढे छापखान्याला सांगून टाकली होती. दुसऱ्यांदा मुदत मागायची मला फार लाज वाटली. पण पंधराला रात्री बसून हे लिहिले:

"तयार तीन प्रकरणे आत्ताच पाठवत आहे, म्हणजे तुमच्या तपासनिसांना सुरुवात करता येईल. सध्या माझे दिवसाला ९०० ते १,००० शब्द होत आहेत. चौथे तपासून आणि पाचवे (७,००० शब्द) पूर्ण करून २२ तारखेला देईन. सहा ते आठ (१९,००० शब्द) माझ्या ओळखीच्या एका अनुभवी अनुवादिकेकडे द्यायला तुमची परवानगी हवी आहे. त्या २२ ला मला देतील. संपूर्ण पुस्तिका एकसारखी करून २५ ला तुमच्याकडे येईल. छापखान्याला शेवटची कोणती तारीख चालेल ते कळवावे."

उत्तर आले की छापखाना २६ पर्यंत थांबू शकतो, बाईंचा एका पानाचा नमुना पाठवा. नमुना पसंत पडला. काम २५ ला गेले. त्या मैत्रिणीला पूर्ण दराने २८,५०० रुपये दिले आणि तिचे काम तपासण्याचे काही घेतले नाही.

मला आजही वाटते की पहिल्या पत्रात तारीखच द्यायला नको होती. "१२ ला रिपोर्ट पाहून पक्की तारीख कळवते, तोवर ही तीन प्रकरणे घ्या" एवढे पुरले असते.

तुमचे अनुभव लिहा. ज्यांना नकार मिळाला त्यांनीही लिहा.

सातारकर

ताई, तब्येतीची काळजी घ्या. पण मुदत अशी भीत भीत मागायची गरज नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला की समोरच्याला पैसे कापता येत नाहीत. मी आयटीत कंत्राटावर होतो, कावीळ झाली तेव्हा दाखला दिला आणि तीन आठवड्यांनी परत रुजू झालो. जागा कायम होती.

शाई

जागा राहिली, पण त्या तीन आठवड्यांचे पैसे मिळाले का?

सातारकर

नाही, ते नाही मिळाले. दिवसावर बिल होते. तुमचा मुद्दा लक्षात आला, दाखल्याने कारण खरे ठरते, पैसे मिळत नाहीत.

पायरीवरून

मी वकिली करतो, म्हणून दाखल्याच्या मुद्द्यावर दोन गोष्टी. करार कायदा १८७२ चा. त्यातले ५५ वे कलम असे की वेळ महत्त्वाची ठरलेली असताना काम उशिरा झाले आणि समोरच्याने ते तसे स्वीकारले, तर उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई त्याला नंतर मागता येत नाही. मात्र स्वीकारतानाच "आम्ही भरपाई मागणार आहोत" असे त्याने कळवले असेल तर मागता येते. म्हणून मुदतवाढीचा होकार फोनवर मिळाला तरी लगेच एक ओळ लिहून पाठवावी: "आपल्या बोलण्याप्रमाणे नवी तारीख अमुक." महिन्यांनी बिलातून कापाकापी झाली की हीच ओळ कामाला येते.

दुसरे बदली माणसाचे. ४० वे कलम सांगते की काम त्या व्यक्तीनेच करावे असा करारामागचा हेतू असेल तर तिनेच ते केले पाहिजे. नसेल तर ती दुसऱ्या जाणत्या माणसाकडून करून घेऊ शकते. अनुवाद यातला कुठला प्रकार, यावर वाद होऊ शकतो. शाईताईंनी आधी परवानगी मागितली हे फार चांगले केले. शिवाय गोपनीयतेच्या करारावर सही असेल तर फाइल मैत्रिणीला पाठवणे हाच भंग ठरू शकतो, मग काम कितीही सुंदर होवो.

करारातच उशिराच्या दर दिवसाला अमुक टक्के दंड लिहिलेला असेल तर मात्र तो मजकूर पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

निवृत्तीनाथाची_पालखी

तुमची अर्जित रजा शिल्लक नव्हती का? वैद्यकीय कारणासाठी अर्धवेतनी रजा परावर्तित करून पूर्ण पगारी घेता येते. आस्थापना शाखेत अर्ज करा, मी ३१ वर्षे हीच प्रकरणे हाताळली.

शाई

काका, आमच्याकडे आस्थापनाही नाही आणि रजेचे खातेही नाही. काम झाले तर पैसे, एवढाच व्यवहार आहे.

रानजाई

मी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. आमच्याकडे मुदत वाढवून मागायची सोयच नाही, सत्राची शेवटची तारीख विद्यापीठ ठरवते. गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा माझ्या २४ तासिका बुडणार होत्या.

विभागप्रमुखांना मी शस्त्रक्रियेच्या दहा दिवस आधी भेटले. आम्ही दोघी तासिकेवाल्या आहोत, विषय जवळचे. ठरले असे की तिने माझ्या तासिका आत्ता घ्यायच्या आणि मी परतल्यावर तिच्या तेवढ्याच घ्यायच्या. पण हजेरीपटावर ज्याची सही त्याचे मानधन. त्यामुळे त्या महिन्यात माझे मानधन निम्म्याहून कमी झाले, नेमके औषधांचा खर्च होता तेव्हा. पुढच्या महिन्यात तिच्या तासिका घेऊन त्यातले काही भरून निघाले.

खरी अडचण वेगळीच आली. दीड महिन्याने तिच्या १४ तासिका झाल्या तोवर सत्र संपले. दहा राहिल्याच. ती काही म्हणाली नाही, पण मला ते अजून टोचते. पुन्हा वेळ आली तर उलट्या तासिकांचे वेळापत्रक जाण्याआधीच लिहून घेईन.

चाकणकर

इथे सगळे लिहिते-शिकवते लोक आहेत, मी कारखान्यात ठेकेदारामार्फत आहे. मलाही वाटायचे की ठेक्यावर असलो की आजारपणात काहीच नाही. टायफॉइडने १२ दिवस घरी होतो आणि ठेकेदाराच्या माणसाने फोनवर सांगितले, खाडा लागणार.

मग शेजारच्या लाइनवरच्या एकाने विचारले, पगारपत्रकात ईएसआयची कपात आहे का? होती. पाऊण टक्का दर महिन्याला जात होता. त्या नंबरावर आजारपणाचा भत्ता मिळतो, रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के. पहिले दोन दिवस धरत नाहीत. आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, माझी होती. पैसे ठेकेदाराकडून नाही, ईएसआयकडून थेट खात्यावर येतात.

मी चुकलो ते इथे: पहिले पाच दिवस खासगी डॉक्टरकडे गेलो आणि दाखला त्यांचाच. ईएसआयच्या दवाखान्यात सहाव्या दिवशी पोचलो, तिथून पुढचे दिवसच प्रमाणित झाले. आधीच्या दिवसांसाठी हेलपाटे घातले आणि सोडून दिले. ताप असला तरी पहिल्याच दिवशी तिथे जा, एवढे मी आता सगळ्या पोरांना सांगतो.

खाडाखोड

मी बदली माणूस म्हणून गेलेली आहे, तीन वेळा, म्हणून त्या बाजूने लिहिते.

आजारी माणूस घाईत फाइल पाठवतो आणि झोपतो. माझ्याकडे येते अर्धे पुस्तक. पहिल्या अर्ध्यात 'प्रसूतिपूर्व तपासणी' लिहिले आहे की 'गरोदरपणातील तपासणी', मला कसे कळणार? एकदा मी १५,००० शब्दांत 'लाभार्थी' लिहिले, मूळ अनुवादकाने सगळीकडे 'पात्र महिला' लिहिले होते. नुसते शोधून बदलता येत नाही, 'लाभार्थ्याला' आणि 'लाभार्थ्यांनी'चे काय करणार? विभक्ती हाताने सुधाराव्या लागतात. दीड दिवस गेला.

आता मी दोन गोष्टींशिवाय काम घेत नाही: तयार झालेले एक पूर्ण प्रकरण, आणि तीस-चाळीस शब्दांची यादी. यादी ताप असतानाही फोनवर सांगून उतरवता येते. शाई, तुम्ही काय दिले होतेत?

दराबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. घाईच्या कामाला मी दीडपट मागते. आजारी माणसाकडून जास्त घेणे बरे दिसत नाही, पण माझीही दुसरी कामे मी बाजूला ठेवते.

शाई

तिन्ही तयार प्रकरणे आणि यादी, पण यादी दोन दिवस उशिरा. तोवर तिच्याकडे 'आशाताई' आणि माझ्याकडे 'आशा कार्यकर्ती' झाले होतेच.

दीडपटीचे मला पटते आणि पटत नाहीही. तो जादाचा खर्च मीच सोसायचा, की काम देणाऱ्याने थोडा उचलावा? मी विचारण्याचे धाडस केले नाही.

पायरीवरून

विचारायला हरकत नाही, पण करारात नसेल तर त्यांच्यावर बंधन नाही. पुढचा करार करताना एक वाक्य घालून पाहा: आजारपणात लेखी कळवल्यास इतके दिवस मुदतवाढ, आणि मान्यता घेऊन बदली व्यक्ती.

खाडाखोड

मी ते वाक्य दोन ठिकाणी मागितले. एकाने घेतले. दुसऱ्याने पुन्हा काम दिले नाही, कारण तेच होते की आणखी काही, ते कळले नाही.

ओलीसुकी

धागा वाचतेय कारण आज माझ्यावरच वेळ आली आहे. घरोघरच्या सर्वेक्षणाचे काम आहे, १२० घरे, ७४ झाली. चिकुनगुन्या. सांधे इतके धरलेत की जिना उतरता येत नाही. मुदत शनिवारची. "आठवडाभर वाढवून द्या" असे लिहू का?

शाई

आठवडा लिहू नका. चिकुनगुन्याचे सांधे ताप गेल्यावरही बरेच दिवस दुखतात. ७४ घरांचे भरलेले फॉर्म आजच पाठवा आणि उरलेल्या ४६ ची गल्लीवार यादी सोबत द्या. तुम्हाला दिवसाला किती घरे जमतील ते आज माहीत नाही, तर तसेच लिहा आणि कळवायचा दिवस सांगा. बदली कोण जाऊ शकेल तेही त्यांनाच विचारा, सर्वेक्षणात प्रशिक्षण झालेलाच माणूस चालतो बहुतेक वेळा.

ओलीसुकी

पाठवले. आमच्या तुकडीतली एक मुलगी २० घरे घेते म्हणाली. उरलेल्या २६ चे अजून उत्तर नाही.